डोक्यात डावीकडून बेरीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझ्याकडे दुपारी शिष्यवृत्तीची पोरं येतात, संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी येतात, आणि मधल्या वेळेत मोंढ्यातल्या ओळखीच्या लोकांचे फोन असतात. तोंडी बेरजेबद्दल तिघांचेही प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलेलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. डावीकडून बेरीज म्हणजे नेमकं करायचं काय?

पहिली संख्या अख्खी धरायची. दुसरी तोडायची आणि मोठ्या स्थानापासून एकेक तुकडा पहिलीत घालत जायचं. ४६७ आणि ३८५ घ्या. ४६७ मध्ये आधी ३०० घाला, झाले ७६७. त्यात ८० घाला, ८४७. त्यात ५ घाला, ८५२. संपलं.

शतक, दशक, एकक अशा तीन पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीनंतर डोक्यात एकच संख्या उरते, ती म्हणजे आतापर्यंतची बेरीज. आधीची ४६७ विसरून जायची, तिचं काम झालं. एक पथ्य मात्र पाळा. ३८५ मधल्या ३ ला मनात ‘तीन’ म्हणू नका, ‘तीनशे’ म्हणा, आणि ८ ला ‘ऐंशी’. अंक म्हणायला लागलात की तो कुठल्या स्थानाचा हे वेगळं लक्षात ठेवावं लागतं. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

२. पायऱ्या तर तेवढ्याच आहेत, मग ही पद्धत जलद कशी?

वेळ बेरजेत जात नाही, सांभाळण्यात जातो. तीच बेरीज उजवीकडून डोक्यात करून बघा. सात आणि पाच बारा, २ ठेवला, हातचा १. सहा आणि आठ चौदा आणि एक पंधरा, ५ ठेवला, हातचा १. चार आणि तीन सात आणि एक आठ. आता तुमच्याकडे अंक आले ते २, ५, ८ या क्रमानं, आणि बोलायचं आहे आठशे बावन्न. म्हणजे आलेले अंक उलटे लावायचे. कागदावर हा प्रश्नच येत नाही, कारण २ लिहिला की तो आपल्या जागेवर बसून राहतो. डोक्यात कागद नसतो. तिथं पडलेले अंक, हातचा आणि अजून मिळवायचे राहिलेले अंक असे तीन ढीग एकाच वेळी सांभाळावे लागतात.

डावीकडून जाताना ढीग एकच असतो. शिवाय कुणी मध्येच हाक मारली आणि हिशोब तुटला, तरी पहिल्याच पायरीला तुमच्याकडे ७६७ असतात. उत्तर त्याच्या थोडं वर आहे एवढं तरी कळलेलं असतं. उजवीकडून करताना तुटलात तर हातात फक्त ‘२’ राहतो. त्या दोनाचं काय करणार?

३. मग शाळेत उजवीकडून शिकवतात ते चुकीचं आहे का?

नाही. शाळेतली उभी मांडणी कागदासाठी आहे, आणि कागदावर तीच बरी. एकदा लिहिलेला अंक खोडावा लागत नाही. डावीकडून लिहीत गेलात तर शतकाच्या घरात ७ लिहाल आणि दशकातून हातचा आला की तो खोडून ८ कराल. वही घाण होते आणि गुरुजीही चिडतात.

पूर्वी खोडण्याची ही अडचण एवढी नव्हती. धुळीच्या पाटीवर अंक बोटानं पुसून बदलता येत. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या लीलावतीत बेरीज-वजाबाकी क्रमानं किंवा उत्क्रमानं, म्हणजे एककाकडून किंवा वरच्या स्थानाकडून, कशीही करायची मुभा दिली आहे. जपानी मणिचौकटीवर, ज्याला आपल्याकडे सगळे अबॅकस म्हणतात, तिच्यावर तर आजही बेरीज डावीकडूनच होते, कारण मणी सरकवून बदलता येतो. डोकं हे त्या धूळपाटीसारखं आहे. तिथं ७ चा ८ करायला खोडरबर लागत नाही.

४. सर, हातच्याचं काय करायचं? तो कुठं ठेवायचा?

कुठंच नाही. या पद्धतीत हातचा वेगळा निघत नाही, तो आपोआप बेरजेत मुरतो. पण त्याचं कष्ट नाहीसं होत नाही. ते दशक ओलांडताना लागतं, आणि पोरं अडतात ती तिथंच.

७६७ मध्ये ८० घालायचे आहेत. इथं पुष्कळ जण ७६७ कडे बघत बसतात. त्याऐवजी शेवटच्या ७ वर बोट ठेवा आणि उरलेल्या ७६ कडे बघा. शहात्तर आणि आठ, चौऱ्याऐंशी. बोट काढा, ८४७. ऐंशी म्हणजे आठ दशकं आणि ७६७ मध्ये शहात्तर दशकं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे दोन अंकी संख्येत एक अंकी संख्या पटकन घालता आली पाहिजे. ७६ + ८, ५८ + ७, ८९ + ६ अशा बेरजा विचार न करता येत नसतील, तर डावीकडूनची पद्धत तुम्हाला जलद वाटणार नाही. दोष पद्धतीचा नाही. आधी तेवढ्याच बेरजा आठ-दहा दिवस रोज घोटा आणि मग इकडे या.

५. इंग्रजी शाळेतल्या माझ्या मुलीला हे सहज जमतं, मला ‘आठशे’ म्हटल्यावर पुढं अडखळायला होतं. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण यात चूक तुमची नाही. आपल्या संख्यानामांची घडणच तशी आहे.

डावीकडून बेरजेचा मोठा फायदा असा सांगतात की उत्तर बोलायला लगेच सुरुवात करता येते. शतक पक्कं झालं की ‘आठशे’ म्हणायचं, दशक पक्कं झालं की ‘पन्नास’, मग ‘दोन’. इंग्रजीत हे बरोबर जुळतं. मराठीत शतकापर्यंत जुळतं आणि मग गाडी उलटी फिरते. ‘बावन्न’ या शब्दात दोन आधी येतात आणि पन्नास नंतर. ‘त्र्याऐंशी’त तीन आधी, ऐंशी नंतर. म्हणजे आपण हजार आणि शतकं डावीकडून उजवीकडे बोलतो आणि शेवटचे दोन अंक उजवीकडून डावीकडे. एकक कळल्याशिवाय शेवटच्या जोडीतला एक अक्षरही उच्चारता येत नाही.

माझा उपाय साधा आहे. शतकं आणि त्यावरची स्थानं एकेक करून घ्या, पण दशक-एकक तुटू देऊ नका. ती जोडी एकत्र बोला. ४६७ + ३८५ मध्ये ‘सातशे सदुसष्ट’, ‘आठशे सत्तेचाळीस’, ‘आठशे बावन्न’ अशा तीनही पायऱ्या पूर्ण संख्यानामानं म्हणा. ‘आठशे... चाळीस... सात...’ असं तुकड्यांनी म्हणू नका. शेवटची पायरी मग ‘सत्तेचाळीस आणि पाच बावन्न’ एवढीच उरते, आणि ही बेरीज मराठी कानाला रोजची आहे.

दुसरी अडचण ऐकताना येते. कुणी ‘छत्तीस’ म्हटलं की कानात सहा आधी पडतो. गडबडीत तो पुढं बसतो आणि ३६ चे ६३ होतात. सदुसष्ट, सत्त्याहत्तर आणि सत्त्याऐंशी यांची सुरुवात सारखी असल्यानं ६७, ७७ आणि ८७ एकमेकांत मिसळतात. अशी चूक झाली की उत्तर बरोबर दहानं किंवा वीसनं चुकलेलं असतं. ते दिसलं की बेरीज पुन्हा करू नका, संख्या पुन्हा ऐका.

२०१९ साली दुसरीच्या बालभारती गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत दिली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. भाषेबद्दल जे बोललं गेलं ते बाजूला ठेवा. या बेरजेपुरतं माझं मत असं आहे की बोलताना ‘शहात्तर’च म्हणावं, पण ज्याच्या डोक्यात शहात्तर म्हटल्यावर ७ आधी उभा राहत नाही, त्यानं मनातल्या मनात ‘सत्तर सहा’ म्हणायला काहीच हरकत नाही. मनातलं कुणी ऐकत नाही.

६. माझी आई शाळेत गेली नाही, तरी बाजारात माझ्याआधी हिशोब सांगते. ती हीच पद्धत वापरते का?

बहुतेक हीच वापरते, फक्त तिला कुणी नाव सांगितलेलं नाही. ज्यानं बेरीज कागदावर शिकलेलीच नाही, तो उजवीकडून सुरुवात करेलच कशाला? तो मोठ्या नोटा आधी मोजतो, मग लहान, मग सुटे. ती डावीकडूनची बेरीजच झाली.

शिवाय आपल्या जुन्या शब्दांत मोठं स्थान आधीच धरलेलं असतं. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे हे अंक नाहीत, आकार आहेत. ‘पावणेदोनशे आणि सव्वादोनशे’ म्हटलं की पाव आणि पाऊण आपोआप खपतात आणि चारशे येतात. त्याच बेरजेला १७५ + २२५ असं लिहिलं की पोरगं पाच आणि पाच दहा, हातचा एक करत बसतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ असलेल्या पिढीचा हात इथं आपल्यापेक्षा पुढंच राहणार. आईला विचारा आणि तिच्याकडून शिकून घ्या.

७. चार-पाच रकमा असतील तर? दोन संख्यांचं जमतं, यादी आली की गोंधळ होतो.

यादी दोन प्रकारची असते. एक दिसणारी आणि एक ऐकू येणारी. दोन्हींना एकच रीत लावली की गोंधळ होतो.

समजा आठवडी बाजारातल्या किराणाच्या चिठ्ठीवर ३४०, १८५, ९६, २७८ आणि ४६५ अशा पाच रकमा आहेत. चिठ्ठी डोळ्यांपुढं असेल तर स्थान धरून उभं उतरा. आधी फक्त शतकं बघा: तीन, एक, ९६ मध्ये काही नाही, दोन, चार. दहा शतकं, म्हणजे हजार. आता पुन्हा वर जा आणि फक्त दशकं घ्या: चार, आठ, नऊ, सात, सहा. चौतीस दशकं, म्हणजे ३४०. हजारात ती घाला, १३४०. तिसऱ्या फेरीत एककं: शून्य, पाच, सहा, आठ, पाच. चोवीस. १३४० आणि २४, तेराशे चौसष्ट.

यातली मधली जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसरी फेरी संपली तेव्हा १३४० होते आणि फक्त पाच एककं बाकी होती. एक एकक फार तर ९, म्हणजे पाचांचे मिळून फार तर ४५. उत्तर १३४० आणि १३८५ यांच्यामध्येच असणार हे एककांना हात लावण्याआधी ठरलं. दुकानदारानं १४६४ सांगितले, तर तुम्ही तिथंच थांबवू शकता.

आता तीच यादी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवतोय. इथं वर जाऊन पुन्हा बघता येत नाही. मग येईल ती रक्कम अख्खी पचवून पुढं जायचं. तीनशे चाळीस. एकशे पंच्याऐंशी आले: चारशे चाळीस, पाचशे वीस, पाचशे पंचवीस. शहाण्णव आले: शंभर घालून चार कमी (का, ते प्रश्न ८ मध्ये), सहाशे एकवीस. दोनशे अठ्ठ्याहत्तर: आठशे एकवीस, आठशे एक्याण्णव, आठशे नव्व्याण्णव. चारशे पासष्ट: बाराशे नव्व्याण्णव, तेराशे एकोणसाठ, तेराशे चौसष्ट.

पायऱ्या जास्त झाल्या, पण लक्षात ठेवायची संख्या दर वेळी एकच होती. लहानपणी मी एका अडतीवर सुट्टीत बसायचो. तिथले मुनीम काका दुसऱ्याला रकमा वाचायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून ही दुसरी रीत करायचे. स्वतः कागद बघत असले की मात्र पेन्सिल शतकांवरून आधी फिरायची. हा फरक त्यांनी कधी शिकवला नाही, मला तो फार उशिरा समजला.

८. ९८, ३९८, ८९ अशा संख्या आल्या तरी तोडूनच घालायच्या का?

नाही, त्यांना पूर्ण करून घ्या आणि वरचं परत काढा. ४६७ + ३९८ म्हणजे ४६७ मध्ये ४०० घालून दोन कमी: ८६७, ८६५. तोडून गेलात तर ७६७, ८५७, ८६५ अशा तीन पायऱ्या आणि त्यात दोन ओलांडण्या होतात.

मराठीत ही युक्ती शब्दातच दडलेली आहे. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद. ‘एकोण’ म्हणजे एक कमी. २७८ मध्ये एकोणनव्वद घालायचे आहेत, तर शब्दच सांगतो: नव्वद घाल, ३६८, एक काढ, ३६७. नव्व्याण्णवमध्ये मात्र हा ‘एकोण’ नाही, तिथं आपणच आठवण ठेवायची.

इथली ठरावीक चूक म्हणजे शेवटी काढायच्या ऐवजी घालणं. ४६७ + ३९८ चे ८६९ होतात ते असे. धरायला सोपी आहे: सात आणि आठ पंधरा, म्हणजे उत्तराचा शेवट ५ हवा. ९ आला म्हणजे दिशा चुकली. आणि ९६ सारखी शंभराला टेकलेली संख्या सोडली, तर एकक ७ किंवा त्याहून लहान असताना या युक्तीच्या नादी लागू नका. ३८५ चे ४०० वजा १५ करण्यात काही वाचत नाही.

९. मध्येच ‘किती झाले होते’ तेच विसरतं. काय करू?

दोन कारणं असतात. पहिलं, तुम्ही आधीची संख्या सोडत नाही. ७६७ झाले तरी ४६७ मनात घोळत राहते. प्रत्येक पायरीचं उत्तर ओठांत पुटपुटा. नवीन संख्या उच्चारली की जुनी पुसली जाते.

दुसरं, दुसऱ्या संख्येतलं किती घालून झालं हे आठवत नाही. संख्या समोर लिहिलेली असेल तर ज्या अंकाचं काम चालू आहे त्यावर बोट. तोंडी ऐकलेली असेल तर तीन बोटं धरा: तर्जनी शतक, मधलं दशक, अनामिका एकक, आणि झालेलं बोट मिटत जा. भरतीची पोरं याला हसतात. परीक्षेत बोटं मिटायला बंदी नाही.

१०. परीक्षेत उत्तर थेट डावीकडून लिहायचं आहे. खोडायला लागू नये यासाठी काय?

पुढच्या घरात डोकावून मग लिहायचं. ४६७ + ३८५ मध्ये चार आणि तीन सात. लिहिण्याआधी दशकाकडे नजर: सहा आणि आठ दहाच्या वर जातात, म्हणून ८ लिहा. दशकात चौदातले चार, एककाकडे नजर, सात आणि पाच दहाच्या वर, म्हणून ५ लिहा. शेवटी २.

नियम असा. पुढच्या घराची बेरीज १० किंवा जास्त असेल तर हातचा नक्की येणार. ८ किंवा कमी असेल तर नक्की येणार नाही, कारण दोन संख्यांच्या बेरजेत मागून फार तर १ येतो आणि आठ-एक नऊवरच थांबतात. अडचण फक्त नेमक्या ९ ची. तिथं काहीच ठरत नाही, आणखी पुढं बघावं लागतं.

५३८६ + २६१७ घ्या. पाच आणि दोन सात. पुढं तीन आणि सहा नऊ, ठरत नाही. पुढं आठ आणि एक नऊ, अजून ठरत नाही. पुढं सहा आणि सात तेरा. आता एककातला हातचा दशकाला लागतो, दशकाचा शतकाला, शतकाचा हजाराला, आणि उत्तर ८००३ येतं. त्याच बेरजेत २६१७ ऐवजी २६१२ असते तर एककात आठच होतात आणि उत्तर ७९९८. शेवटच्या एका अंकानं पहिला अंक बदलला. घाईत ७ लिहून मोकळे झालेले मी पुष्कळ पाहिलेत, आणि पर्यायात ७००३ दिलेलाच असतो.

अशी साखळी फार वेळा येत नाही. दोन अंकांच्या शंभर जोड्यांपैकी दहांचीच बेरीज ९ होते. आणि हा नियम दोन संख्यांपुरताच आहे. तीन संख्या असतील तर मागून २ सुद्धा येऊ शकतात, मग शेवटी ८ असला तरी थांबून बघावं लागतं. तिथं मी थेट लिहायचा हट्ट सोडतो आणि प्रश्न ७ मधल्या फेऱ्यांवर जातो.

११. एक संख्या मोठी आणि दुसरी लहान असली की माझं चुकतं. १२०८ आणि ९६ सारखं.

कारण तुम्ही अंकापुढं अंक लावता. १२०८ चा पहिला अंक हजाराचा, ९६ चा पहिला अंक दशकाचा. डावीकडून सुरुवात म्हणजे दोन्हींच्या पहिल्या अंकांपासून सुरुवात नव्हे. प्रश्न १ मधलं पथ्य पाळलंत, म्हणजे ‘नऊ’ न म्हणता ‘नव्वद’ म्हटलंत, तर हे होत नाही: १२०८, १२९८, १३०४.

‘बाराशे आठ’ ऐकून १२८ लिहिणारीही पोरं असतात. मधलं शून्य कानाला ऐकू येत नाही. ज्यांचं असं होतं त्यांना मी काही दिवस ‘एक हजार दोनशे आठ’ म्हणायला लावतो.

१२. क्विंटल-किलो, एकर-गुंठे, तास-मिनिटं यांना चालते का?

चालते, फक्त कितीला पुढचं घर भरतं ते आधी ठरवा.

क्विंटल-किलो सगळ्यात सोपं, कारण शंभराला भरतं. सोयाबीनची एक खेप १२ क्विंटल ४५ किलो, दुसरी ८ क्विंटल ७८ किलो. वीस क्विंटल. किलो पंचेचाळीस आणि सत्तर एकशे पंधरा, आणि आठ एकशे तेवीस. २१ क्विंटल २३ किलो. काटापट्टीवर हेच दिसलं पाहिजे.

जमिनीत जपून. एकर चाळीस गुंठ्यांना भरतो. ३ एकर २५ गुंठे आणि २ एकर २८ गुंठे म्हणजे पाच एकर त्रेपन्न गुंठे, त्यातून चाळीस काढून ६ एकर १३ गुंठे. पण सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात आणि तिथं घर शंभराला भरतं. बोलताना एकर-गुंठे आणि कागदावर हेक्टर-आर असल्यानं भावाभावांच्या वाटणीत ही गल्लत हमखास होते. ०.५३ बघून चाळीस काढले जातात. बेरीज सुरू करण्याआधी एकक कोणतं ते मोठ्यानं बोला.

तास-मिनिटांचं साठाला. २ तास ४५ मिनिटं आणि १ तास ३८ मिनिटं: तीन तास, त्र्याऐंशी मिनिटं, म्हणजे ४ तास २३ मिनिटं.

१३. उत्तर बरोबर आलं की नाही हे पटकन कसं बघायचं?

एककं तेवढी उजवीकडून बघा. ४६७ + ३८५ मध्ये सात-पाच बारा, शेवट २ हवा, आहे. डावीकडून गेलात म्हणून आकार बरोबर असतो, एकक तपासलं म्हणून शेवट बरोबर असतो. राहतो तो मधला दशक, आणि खरोखर चुका तिथंच असतात. त्यासाठी संख्यांची अदलाबदल करून पुन्हा करा: ३८५ मध्ये ४००, ७८५, ६०, ८४५, ७, ८५२. वाट वेगळी असल्यानं तीच चूक दुसऱ्यांदा होण्याची शक्यता कमी. तीच बेरीज त्याच क्रमानं दोनदा केली, तर चूकसुद्धा दोनदा पाठ होते.

१४. पोराला कोणत्या इयत्तेत शिकवावं? शाळेत गुरुजी रागावतील का?

इयत्ता मी बघत नाही. प्रश्न ४ मधल्या ७६ + ८ सारख्या बेरजा न अडखळता येतात का, ते बघतो. आणि वहीत शाळेचीच मांडणी करू द्या. तिथं हातचा दाखवण्याला गुण असतात. दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात शिकवल्या तर मूल डावीकडून सुरू करतं आणि हातचा उजवीकडे देतं. असं झालं तर तोंडी काम महिनाभर थांबवा.

१५. वजाबाकीलाही हेच चालतं का?

चालतं. ८५२ मधून ३८५: पाचशे बावन्न, चारशे बहात्तर, चारशे सदुसष्ट. ८० काढताना ५५२ च्या शेवटच्या २ वर बोट ठेवा, पंचावन्नमधून आठ सत्तेचाळीस. उसनं घ्यावं लागत नाही.

१६. कुठं ही पद्धत वापरू नये?

चार-पाच अंकी दहा-बारा रकमा असतील आणि हाताशी कागद असेल, तर कागदच घ्या. तीन अंकांपर्यंत ही पद्धत मस्त पळते, चार अंकी दोन संख्या सरावानं जमतात. त्यापुढं चालू बेरीजच एवढी लांब होते की ती सांभाळण्यातच दम जातो. पैशांसकट रकमा असतील तर रुपयांची बेरीज डावीकडून करा आणि पैसे शेवटी वेगळे मिळवा. आणि पट्टीवर सही करायची असेल, तर डोक्यातली बेरीज फक्त समोरच्याचा आकडा पटतो का ते बघण्यापुरती. नाही पटला तर गप्प राहू नका, त्यांच्याच पेननं त्यांच्याच कागदावर मांडायला लावा.